दोन नोंदी, एकच रक्कम: होल्ड की दुहेरी वसुली?

कार्डावरच्या वादग्रस्त नोंदी तपासण्याच्या कामात सर्वांत जास्त वेळा समोर येणारी तक्रार म्हणजे, "माझे पैसे दोनदा कापले." ॲप उघडलं की एकाच ठिकाणच्या, एकाच रकमेच्या दोन ओळी दिसतात. तक्रार करणाऱ्याचं म्हणणं खोटं नसतं, पण बऱ्याचदा त्या दोन ओळींतली एकच खरी वसुली असते. दुसरी नुसता होल्ड असते, म्हणजे बँकेने तात्पुरती बाजूला धरून ठेवलेली रक्कम. होल्ड आपोआप सुटतो. दुहेरी वसुली आपोआप सुटत नाही, आणि तिच्यावर दाद मागायला मुदत असते. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणं फार गरजेचं आहे. इथे क्रेडिट कार्डावरचं हॉटेलचं एक प्रातिनिधिक प्रकरण घेऊन ही तपासणी आम्ही जशी करतो तशी मांडली आहे. रकमा कोणत्याही चलनात धरल्या तरी हिशोब तोच राहतो.

मुळात कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात दुकानाचं मशीन कार्ड देणाऱ्या बँकेला विचारतं, "एवढी रक्कम चालेल का?" बँक होकार देते, सहा अंकी-अक्षरी मंजुरी कोड देते आणि तेवढी रक्कम ग्राहकाच्या उपलब्ध मर्यादेतून बाजूला काढते. हे ऑथरायझेशन, आणि बाजूला काढलेली रक्कम म्हणजे होल्ड. या क्षणी दुकानदाराला एक पैसाही मिळालेला नसतो. दुसऱ्या टप्प्यात दुकानदार दिवसभराचे व्यवहार बॅच करून आपल्या बँकेकडे पाठवतो, तिथून कार्ड नेटवर्कमार्फत ते ग्राहकाच्या बँकेपर्यंत येतात, आणि तेव्हा ती रक्कम खऱ्या अर्थाने खात्यावर चढते. ॲपमध्ये पहिल्या टप्प्यावरची नोंद `Pending` म्हणून दिसते, दुसऱ्या टप्प्यानंतरची `Posted` म्हणून.

चढलेली नोंद आली की बँकेची प्रणाली तिचा होल्ड शोधते आणि मिटवते. ही जुळणी मंजुरी कोड, रक्कम आणि व्यवहाराची ओळख यांवरून होते. जुळणी लागली नाही तर होल्ड तसाच उभा राहतो आणि ग्राहकाला दोन ओळी दिसतात. तक्रारींचं मोठं मूळ इथेच आहे.

आता प्रकरण. कार्डाची मर्यादा १,००,००० आहे आणि आधीची चढलेली थकबाकी २०,०००. म्हणजे उपलब्ध मर्यादा ८०,०००. ग्राहक ३ मार्च २०२५ रोजी हॉटेलात उतरतो. काउंटरवर तीन रात्रींचं अंदाजे बिल, १२,४८०, प्री-ऑथ म्हणून, म्हणजे वसुली न करता आगाऊ मंजुरी म्हणून घेतलं जातं. मशीनमधून निघालेल्या पावतीवर `PRE-AUTH` असं छापलेलं आहे आणि मंजुरी कोड `418203`. उपलब्ध मर्यादा ६७,५२० वर येते. ६ मार्चला निघताना बिल नेमकं तेवढंच, १२,४८० होतं. इथे करायला हवं ते असं: मशीनवर प्री-ऑथ पूर्ण करण्याचा पर्याय निवडायचा, जुना कोड `418203` टाकायचा आणि तीच मंजुरी वसुलीत बदलायची. पण त्यासाठी तीन दिवसांपूर्वीची पावती शोधावी लागते. काउंटरवर दुसऱ्या पाळीचा माणूस असतो, पाहुण्याला घाई असते, म्हणून तो कार्ड पुन्हा लावून सरळ नवा विक्री व्यवहार करतो. नवी पावती निघते, तिच्यावर `SALE` आणि कोड `557916`. पहिल्या मंजुरीला कुणी हात लावलेलाच नसतो. उपलब्ध मर्यादा आता ५५,०४०.

त्या संध्याकाळी ॲपमध्ये दोन `Pending` ओळी दिसतात. ८ मार्चला ६ तारखेची ओळ `Posted` होते आणि ३ तारखेची `Pending` राहते. घाबरून फोन येतो तो इथे.

या वेळी ओळींकडे बघत बसण्यापेक्षा दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत: थकबाकी आणि उपलब्ध मर्यादा. थकबाकी म्हणजे फक्त चढलेल्या नोंदींची बेरीज. आपल्या प्रकरणात ती २०,००० अधिक १२,४८०, म्हणजे ३२,४८०. मर्यादेतून ही वजा केली तर ६७,५२० उरायला हवेत. ॲप दाखवतं ५५,०४०. फरक १२,४८०. हा फरक म्हणजे नेमकी बँकेने धरून ठेवलेली, पण अजून वसूल न झालेली रक्कम. तो शंकास्पद ओळीच्या रकमेशी तंतोतंत जुळला, तर ती ओळ होल्ड आहे. तीच ओळ खरी वसुली असती तर थकबाकी ४४,९६० झाली असती आणि फरक शून्य आला असता.

ही वजाबाकी करताना ॲपमध्ये इतर कुठल्या `Pending` ओळी आहेत का ते आधी पाहावं, कारण फरकात त्या सगळ्यांची बेरीज येते. थकबाकीचा आकडाही मागच्या महिन्याच्या स्टेटमेंटवरचा घेऊ नये, आजचा चालू घ्यावा. काही ॲप 'थकबाकी' या नावाखाली होल्डसकट रक्कम दाखवतात. तसं असेल तर फरक शून्य दिसतो आणि होल्ड वसुलीसारखा वाटतो. शंका आली तर स्वतःच चढलेल्या ओळींची बेरीज करावी, ती कधी फसवत नाही.

दुसरी खूण संदर्भ क्रमांकाची. चढलेल्या प्रत्येक नोंदीला एआरएन नावाचा २३ अंकी क्रमांक असतो. व्यवहार वसुलीसाठी पाठवताना दुकानदाराची बँक तो देते. होल्डला हा क्रमांक असूच शकत नाही, कारण तो त्या टप्प्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. म्हणून बँकेला फोन केला की "पैसे दोनदा गेले का?" असं विचारू नये. समोरचा माणूसही तीच दोन ओळींची यादी बघत असतो आणि घाईत चुकीचं उत्तर देऊ शकतो. त्याऐवजी विचारावं, "या दोन्ही नोंदींचे एआरएन आणि मंजुरी कोड सांगा." एकाचाच एआरएन मिळाला तर वसुली एकच आहे. दोन वेगवेगळे मिळाले तर दोन वसुल्या झाल्या आहेत, मग दुकानदार काहीही म्हणो.

एआरएनच्या अंकांतही माहिती असते. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सहा अंक दुकानदाराच्या बँकेची ओळख असतात, आणि आठव्यापासून अकराव्यापर्यंतचे चार अंक तारीख सांगतात: आधी वर्षाचा शेवटचा अंक, मग वर्षातला कितवा दिवस. आपल्या प्रकरणातल्या वसुलीची बॅच ७ मार्चला प्रक्रियेत गेली असेल, तर तिथे `5066` दिसेल, कारण ७ मार्च २०२५ हा वर्षातला ६६वा दिवस. हे पुढे उपयोगी पडतं.

होल्ड आहे हे ठरलं की तक्रार अर्ज भरण्यात अर्थ नाही. बँक ज्या यंत्रणेतून पैसे परत ओढते, तिला वसुलीची नोंद लागते. होल्डला अशी नोंद नसते, म्हणून परत ओढायलाही काही नाही. इथे दोन उपाय उरतात. एक म्हणजे मुदत संपेपर्यंत थांबणं. साध्या खरेदीचा होल्ड बहुतेक बँका आठवड्याभराच्या आसपास सोडतात. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीचे होल्ड मात्र ३० दिवसांपर्यंत राहू शकतात, कारण अशा ठिकाणी मुक्काम लांबण्याची आणि बिल वाढण्याची सोय म्हणून प्री-ऑथला जास्त मुदत दिलेली असते. नेमके किती दिवस हे कार्ड देणारी बँक ठरवते. दुसरा उपाय दुकानदाराकडून मंजुरी रद्द करून घेण्याचा. त्याला कार्डाचे शेवटचे चार अंक, तारीख, रक्कम आणि कोड `418203` द्यावा आणि त्या मंजुरीचं रिव्हर्सल पाठवायला सांगावं. ते नीट गेलं तर होल्ड थोड्याच वेळात सुटतो. मशीनवरून जमत नसेल तर हॉटेलने आपल्या लेटरहेडवर, "या कोडची रक्कम आम्ही वसूल करणार नाही" असं लिहून दिलेलं पत्र बँकेला दाखवता येतं. अनेक बँका अशा पत्रावर होल्ड हाताने सोडतात.

इथे शब्द जपून वापरावेत, आणि हे आम्ही कळकळीने सांगतो. दुकानदाराला "रिफंड द्या" म्हटलं की तो चढलेल्या, म्हणजे खऱ्या वसुलीचा परतावा करून टाकतो. मग पाहुण्याचं बिलच फिटत नाही, होल्ड तसाच उभा राहतो, आणि काही दिवसांनी हॉटेल पुन्हा वसुली करतं. एका होल्डपायी तीन-चार ओळींचा गुंता तयार होतो, आणि तो सोडवायला मूळ प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. रिफंड वसुलीचा असतो, होल्डचं होतं ते रिव्हर्सल. बँकेत "हा व्यवहार मी केलाच नाही" असं सांगणं तर त्याहून वाईट. कार्ड बंद होतं, नवं यायला वेळ लागतो, आणि प्रकरण फसवणुकीच्या खिडकीत जातं, जिथे दोन्ही व्यवहार ग्राहकानेच केल्याचं काही मिनिटांत दिसतं.

होल्ड धरलेला असताना स्टेटमेंटची तारीख आली तरी काळजी नको. क्रेडिट कार्डाच्या मासिक स्टेटमेंटमध्ये चढलेल्या नोंदीच येतात, त्यामुळे भरायच्या रकमेत होल्ड मोजला जात नाही आणि त्यावर व्याजही लागत नाही. याचीच उलट बाजू अशी, की क्रेडिट कार्डाच्या अधिकृत स्टेटमेंटवर दोन्ही ओळी आल्या आणि दोन्हींना खात्यावर चढल्याची तारीख असली, तर होल्डची शक्यता तिथेच संपते.

आता प्रकरणाला दुसरं वळण देऊन पाहू, कारण खरी दुहेरी वसुली कशी जन्मते ते यातून कळतं. ११ मार्चला हॉटेलच्या हिशोब विभागात कुणीतरी उघड्या राहिलेल्या प्री-ऑथची यादी काढतं. त्यात `418203` दिसतो. पाहुणा निघून गेला, मंजुरी तशीच पडून आहे, म्हणजे बिल वसूल करायचं राहिलं असं समजून ते ती पूर्ण करून टाकतात. दोन दिवसांत ३ तारखेची `Pending` ओळ गायब होते आणि तिच्या जागी १२,४८० ची नवी `Posted` ओळ येते.

या क्षणी उपलब्ध मर्यादा किती? ५५,०४०. कालही तेवढीच होती. होल्डची जागा वसुलीने घेतली, म्हणून मर्यादेत काहीच हललं नाही. हलली ती थकबाकी, ३२,४८० वरून ४४,९६० वर. जे लोक रोज फक्त 'किती खर्च करता येईल' हा आकडा बघतात त्यांना हा बदल कळतच नाही. उलट `Pending` ओळ गेलेली पाहून होल्ड सुटला असं समजून ते निर्धास्त होतात. होल्ड खरोखर सुटतो तेव्हा उपलब्ध मर्यादा वाढते आणि थकबाकी जिथल्या तिथे राहते. होल्डची वसुली होते तेव्हा थकबाकी वाढते आणि उपलब्ध मर्यादा जिथल्या तिथे. दोन आकड्यांतला कोणता हलला, यावरून काय घडलं ते सांगता येतं. म्हणून `Pending` ओळ नाहीशी झाली त्या दिवशी दोन्ही आकडे पुन्हा लिहून ठेवावेत.

रिव्हर्सलचं आश्वासन मिळालं, किंवा मुदत संपून होल्ड आपोआप सुटला, म्हणून वसुली येणारच नाही असंही नाही. मंजुरीची मुदत उलटल्यावर उशिरा पाठवलेली वसुलीही खात्यावर चढू शकते. नियमाने ती चूक असली तरी प्रणाली तिला दरवेळी अडवत नाही. हॉटेलच्या बाबतीत होल्ड गेल्यानंतर आणखी एक पूर्ण स्टेटमेंट बारकाईने वाचणं आम्हाला आवश्यक वाटतं.

दोन एआरएन हाती आले की चूक कशी झाली तेही बरंचसं ओळखता येतं. आपल्या प्रकरणात मंजुरी कोड दोन वेगळे आहेत आणि एआरएनमधल्या तारखाही वेगळ्या. म्हणजे एकाच बिलासाठी दोन स्वतंत्र मंजुऱ्या वसूल झाल्या. कधी असं दिसतं की मंजुरी कोड दोन्हीकडे एकच, पण एआरएन दोन. तेव्हा बहुधा दुकानदाराची तीच बॅच दोनदा पाठवली गेलेली असते. अशा वेळी त्या दिवशीच्या सगळ्याच ग्राहकांना फटका बसतो, दुकानदाराच्या बँकेला ते लवकर उमगतं आणि बहुतेकदा न सांगता परतावे सुरू होतात. पण एकच कोड आणि दोन एआरएन असूनही रकमा वेगळ्या असतील, आणि त्यांची बेरीज मूळ ऑर्डरइतकी होत असेल, तर ती दुहेरी वसुली नाही. माल दोन खेपांत पाठवला की दुकानदार एकाच मंजुरीतून दोन तुकड्यांत वसुली करतो.

परकीय चलनातल्या खर्चात रकमा किंचित वेगळ्या दिसतात. होल्ड मंजुरीच्या दिवसाच्या दराने धरलेला असतो आणि वसुली पुढच्या कुठल्यातरी दिवसाच्या दराने चढते. थोडा फरक दिसला म्हणून ते दोन वेगळे खर्च समजू नयेत. मूळ चलनातली रक्कम काढून ताडून पाहावी.

डेबिट कार्डावर मात्र ही सगळी तपासणी थोडी वेगळ्या हाताने करावी लागते. तिथे खात्यातली एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक हे दोन आकडे तपासायचे. होल्डमुळे दुसरा आकडा कमी होतो, पहिला नाही. पण पिन टाकून केलेले काही डेबिट व्यवहार दोन टप्प्यांत होतच नाहीत. मंजुरी आणि वसुली एकाच संदेशात उरकते, पैसे त्याच क्षणी खात्यातून जातात. अशा व्यवहारात मशीन मध्येच अडकलं आणि कार्ड पुन्हा लावलं, तर दिसणारी दुसरी ओळ होल्ड असेल असं धरून बसू नये. एकूण शिल्लकच कमी झाली असेल तर आठवडाभर वाट न पाहता बँकेत नोंद करावी.

परत हॉटेलकडे. दुहेरी वसुली सिद्ध झाली की आधी हॉटेलला लेखी कळवावं: दोन्ही तारखा, दोन्ही मंजुरी कोड, दोन्ही एआरएन, आणि सोबत अंतिम बिलाची प्रत, ज्यावर एकच भरणा दिसतो. परतावा नेमका कोणत्या नोंदीचा हवा तेही लिहावं, इथे `418203` चा, कारण `557916` ही बिलाची रीतसर वसुली आहे. हॉटेलने परतावा केला असं सांगितलं तर त्याचाही एआरएन मागून घ्यावा. परतावाही वसुलीसारखाच प्रवास करून येतो, त्याला काही कामाचे दिवस लागतात, आणि हातात एआरएन असला की बँकेला तो शोधता येतो. एआरएन द्यायला टाळाटाळ होत असेल तर परतावा अजून पाठवलेला नसण्याची शक्यता जास्त.

हॉटेलने दाद दिली नाही तर बँकेत चार्जबॅकसाठी, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत ओढण्यासाठी अर्ज करावा. अर्जातल्या कारणांच्या यादीत 'एकाच व्यवहाराची दोनदा वसुली' हेच निवडावं. व्हिसा कार्डासाठी या कारणाचा कोड 12.6.1 आहे आणि बँकेला व्यवहार प्रक्रियेत आल्यापासून १२० दिवसांच्या आत दावा पाठवावा लागतो. मास्टरकार्डवर हे कारण 4834 या कोडखाली येतं. ही मुदत बँकेची, ग्राहकाची नव्हे. कागद जमवायला बँकेलाही वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकरच करावा. बिल एका कार्डावर आणि पुन्हा रोख किंवा दुसऱ्या कार्डावर घेतलं असेल, तर ते वेगळं कारण ठरतं आणि त्यासाठी दुसऱ्या भरण्याचा पुरावा जोडावा लागतो.

हॉटेलकडून उत्तरादाखल बहुधा ३ तारखेची सही केलेली पावती येते: "हे पाहा, पाहुण्याने मंजुरी दिली होती." इथे अनेक जण गडबडतात. मंजुरी दिली होती हे मान्यच आहे. मुद्दा एवढाच, की त्या पावतीवर `PRE-AUTH` छापलेलं आहे आणि बिल एकच असताना ते आधीच `557916` ने फिटलेलं आहे. हॉटेलला दुसरी वसुली टिकवायची तर दुसरं बिल दाखवावं लागेल, वेगळ्या मुक्कामाचं किंवा वेगळ्या सेवेचं. ते नसेल तर दावा ग्राहकाच्या बाजूने जायला हवा. म्हणून निघतानाची `SALE` पावती आणि उतरतानाची `PRE-AUTH` पावती, दोन्ही जपून ठेवाव्यात. पावत्यांवरची शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे त्यांचे फोटो काढून ठेवलेले बरे.

दावा चालू असताना काही बँका तात्पुरती जमा देतात. ती ॲपमध्ये परताव्यासारखीच दिसते, पण निकाल विरुद्ध गेला तर ती परत घेतली जाते. प्रकरण मिटलं असं बँकेने लेखी कळवेपर्यंत कागद टाकू नयेत. मिटल्यावर दोन्ही आकडे एकदा तपासावेत: मधल्या काळात दुसरा खर्च किंवा भरणा झाला नसेल, तर थकबाकी ३२,४८० आणि उपलब्ध मर्यादा ६७,५२० दिसली पाहिजे.